‘शाळा सुटली’ : हरवलेले व्हॉइस मेसेज कथेत पुन्हा घडवताना

प्रश्न : मी एक लघुकथा लिहितेय. मच्छीमाराची मुलगी लहानपणी समुद्रावर गेलेल्या वडिलांना व्हॉइस मेसेज पाठवायची. ते सगळे आता गेलेत आणि मोठेपणी ती ते पुन्हा तयार करते. तीन खर्डे झाले, पण दर वेळी एक तर सॉफ्टवेअरची गोष्ट होते, नाहीतर रडगाणं. मेसेज ‘पुन्हा तयार करते’ म्हणजे तिने नेमकं करायचं काय? आणि कथा संपवायची कुठे?

उत्तर :

तुमचे खर्डे मी वाचलेले नाहीत, तरी एक अंदाज बांधते. तिन्हींमध्ये मेसेज ‘गेले’ एवढंच लिहिलं असेल. ते कसे गेले आणि जाताना मागे काय ठेवून गेले, हे ठरलेलं नसेल. मी अठरा वर्षं श्राव्य कथांचं संपादन करतेय, त्याआधी ध्वनिमुद्रणाच्या खोलीत कापाकापी आणि जोडाजोडी केली. हरवलेल्या आवाजाच्या कथा माझ्याकडे नेहमी येतात आणि बहुतेक सगळ्या याच ठिकाणी अडकतात. सगळंच गेलं असेल, तर मुलगी फक्त आठवत बसते. तेच तुमचं रडगाणं. सगळंच परत मिळणार असेल, तर ती बटणं दाबत बसते आणि सॉफ्टवेअरची गोष्ट होते. कथा या दोन्हींच्या मधे आहे. आवाज गेलाय, पण त्याचा साचा उरलाय, अशी स्थिती तुम्हाला हवी आहे.

तो साचा कुठून आणायचा, हे तुमच्या कथेचा काळ कोणता यावर ठरेल. बिनतारी संचाचा काळ असेल तर सांभाळून. बोटीवरच्या व्हीएचएफ संचावर बोललेलं कुठेही साठून राहत नाही. समोरचा त्या क्षणी ऐकत असेल तर पोचलं, नाहीतर हवेत विरलं. शिवाय 16 क्रमांकाची वाहिनी संकटासाठी आणि हाक मारण्यासाठी राखलेली असते, तिच्यावर घरगुती गप्पा चालत नाहीत. ‘पाठवलेला मेसेज’ ही गोष्टच तिथे बसत नाही. म्हणून मी तुमची कथा व्हॉट्सअ‍ॅपच्या काळातली धरून चालते.

आता मेसेज कसे गेले ते ठरवू. फोन पाण्यात पडला, चोरीला गेला, ही कारणं चालतात, पण त्यांतून कथेला काही मिळत नाही. माझ्या मते मुलीनेच ते घालवलेले असावेत, नकळत. घरातला जुना फोन बदलताना तिने वडिलांबरोबरचं संभाषण निर्यात करून स्वतःला मेल केलं. तेव्हा अ‍ॅप विचारतं, मीडियासकट हवं की मीडियाशिवाय? मीडियासकट केलं तर फाइल मोठी होते, वेळ लागतो. तिने ‘मीडियाशिवाय’ दाबलं आणि जुना फोन मोडीत गेला. पाच-सहा वर्षांनी ती फाइल उघडते, तेव्हा तिला असं काहीतरी दिसतं:

```
12/02/19, 5:02 pm - घर: <Media omitted>
12/02/19, 5:31 pm - बाबा: असू दे. रडू नको. आलो की बघू
12/02/19, 5:48 pm - घर: <Media omitted>
12/02/19, 9:10 pm - घर: <Media omitted>
```

हा तुमचा साचा. निर्यात केलेली फाइल खरोखर अशीच असते : तारीख, वेळ, नाव, आणि व्हॉइस मेसेजच्या जागी ते दोन कोरडे शब्द. किती सेकंदांचा मेसेज होता, ते तिथे नसतं. पोचल्याच्या दोन टिका नसतात, ऐकल्यावर निळा होणारा माइकही नसतो. कथालेखक इथे हमखास घसरतात. ‘तो सतरा सेकंदांचा मेसेज’ असं लिहून जातात आणि फाइल पाहिलेला वाचक तिथेच थांबतो.

पाठवणाऱ्याचं नाव मी मुद्दाम ‘घर’ ठेवलंय. बारा वर्षांच्या मुलीचा स्वतःचा फोन नसणार, घरात एकच असणार आणि तो आईही वापरत असणार. म्हणजे यातली प्रत्येक ओळ मुलीचीच, असंही नाही. रात्री 9:10 चा मेसेज बहुधा आईचा. तिला आधी तेच वेगळं करावं लागेल. यासाठी एक परिच्छेद पुरे, पण तो हवा, कारण या कामात आपण कुठे अंदाज करतोय हे तिला कळत असल्याचं त्यातून दिसतं.

वडील टाइप का करतात, हाही प्रश्न वाचकाला पडेल. मुलगी बोलते, मग ते का नाही बोलत? उत्तर साधं आहे : इंजिन. डिझेल इंजिन चालू असताना डेकवर रेकॉर्ड केलेला मेसेज म्हणजे नुसती घरघर. एकदा-दोनदा प्रयत्न करून त्यांनी सोडून दिलं असणार. म्हणून त्यांचे शब्द अक्षरात आहेत आणि वाचले. तिचे आवाजात होते आणि गेले. निम्मं संभाषण शाबूत आणि निम्मं रिकामं, ही रचना तुम्हाला ओढूनताणून आणावी लागत नाही, ती कामाच्या जागेतूनच येते.

आता ‘नेमकं करायचं काय’. तिने मेसेज आठवून पुन्हा बोलायचे नाहीत. तिने उत्तरांकडून मागे जायचं. ध्वनिमुद्रणात आम्हाला कधी अर्धी खराब झालेली मुलाखत मिळायची; उत्तर ऐकू येतंय, प्रश्न पुसलाय. तेव्हा आम्ही उत्तर कागदावर लिहायचो आणि त्याच्या वर रिकामी ओळ सोडायचो. त्या ओळीत असा प्रश्न बसवायचा की ज्याला हेच उत्तर येईल, दुसरं येणार नाही. ‘हो, पण लहान आकाराची’ या उत्तराला ‘वही आणू का?’ हा प्रश्न बसतो, ‘कसे आहात?’ बसत नाही. तुमच्या मुलीने हीच रीत वापरावी. वडिलांची ओळ खाली, वर रिकामी जागा. काही ओळी सहज भरतील. ‘आईला दे फोन’च्या वर काय असेल, ते कुणीही सांगेल. काही जागांना उत्तरच नसेल, त्या रिकाम्याच राहतील. फाइलमध्ये चाळीस जागा असल्या, तरी कथेत तीन किंवा चारच पूर्ण दाखवा. बाकीच्या एका वाक्यात उरका. प्रत्येक मेसेज दाखवायला गेलात तर वाचक पाचव्यानंतर फक्त तारखा वाचेल.

कथा जिथे तयार होते ती जागा म्हणजे न बसणारं उत्तर. वरची 5:31 ची ओळ पुन्हा वाचा. ‘असू दे. रडू नको. आलो की बघू.’ मुलीला काही केल्या आठवत नाही की त्या दिवशी ती रडली का आणि कशासाठी. 12 फेब्रुवारी 2019, मंगळवार, साधा शाळेचा दिवस. 5:02 म्हणजे शाळेतून घरी पोचायची वेळ. ती नेहमीसारखंच काहीतरी बोलली असणार. मग वडिलांनी हे उत्तर का दिलं?

इथे थोडं गणित लागतं. ते तुम्ही करून ठेवा, कथेत त्यातलं थोडंच येऊ द्या. समुद्रावर फोनची रेंज पृथ्वीच्या वळणामुळे तुटते. किनाऱ्यावरच्या अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, 4.12 ने गुणा; तितके किलोमीटर ती ‘पाहू’ शकते. फोनचंही तसंच काढा आणि दोन्हींची बेरीज करा. अँटेना 40 मीटर उंच असेल तर साधारण 26 किलोमीटर, डेकवर हातात धरलेला फोन पाण्यापासून 3 मीटरवर असेल तर 7. एकूण 33. जुन्या जीएसएम मोबाइल नेटवर्कच्या रचनेतही मनोऱ्यापासून साधारण 35 किलोमीटरची मर्यादा असायची, म्हणजे आकडा त्याच आसपास येतो. बोट 8 नॉटने चालली, म्हणजे ताशी साधारण 15 किलोमीटर, तर सव्वादोन तासांत फोन मुका होतो. प्रत्यक्षात त्याच्या थोडं आधीच, कारण कडेला सिग्नल तुटक असतो.

बोट दुपारी साडेतीनला सुटली असं धरा. 5:02 ला ती 23 किलोमीटरवर आहे, मेसेज पोचतो. 5:31 ला 30 किलोमीटरवर, वडिलांचं उत्तर कसंबसं येतं. 5:48 ला मुलीने गोंधळून विचारलं असणार, ‘बाबा, काय असू दे?’ आणि तो मेसेज एका टिकेवर अडकून पडला. बोट आता आठ दिवसांनी येणार. मोठेपणी मुलीकडे टिका नाहीत, पण बोट कधी सुटली आणि किती वेगाने जाते, हे तिला माहीत आहे. मच्छीमाराची मुलगी आहे ती. कोणता मेसेज पोचला असेल आणि कोणता नाही, हे ती कागदावर काढू शकते. तिचं घर आणि तिचा हरवलेला आवाज यांचा धागा मला इथे दिसतो. समुद्राची वर्णनं करून तो येणार नाही.

आता 5:02 ला ती काय बोलली? मी सुचवते ते वाक्य हे : ‘शाळा सुटली.’

मराठी कानाला यातली मेख लगेच कळेल. ‘शाळा सुटली’ म्हणजे घंटा झाली, आजची शाळा संपली. आणि ‘शाळा सुटली’ म्हणजे कायमची सुटली, शिक्षण थांबलं. दोन अर्थ, तीच अक्षरं. कोणता घ्यायचा ते मागचा-पुढचा मजकूर ठरवतो, आणि इंजिनाने नेमका तोच खाल्ला. इंजिनाचा खालचा, जाड आवाज वरच्या पट्टीतले बारीक आवाज दाबून टाकतो, त्यात स, श, त, क यांसारखी व्यंजनं आधी जातात. दुसरं म्हणजे बोलताना वाक्याच्या शेवटी आपला आवाज उतरतो. सुरुवात जोरात, शेवट पुटपुटल्यासारखा. ‘बाबा, शाळा सुटली, आता खेळायला चाललेय’ यातले पहिले दोन-तीन शब्द वडिलांच्या कानात शिरले आणि उरलेलं घरघरीत गेलं.

पण मग ‘रडू नको’ कुठून आलं? हे मला सगळ्यात आवडतं, आणि तिला ते आठवून नाही, काम करूनच सापडायला हवं. ती खुर्चीत बसून ते वाक्य रेकॉर्ड करते. ऐकते. आनंदी, सपाट वाक्य. यावर कुणी ‘रडू नको’ म्हणणार नाही. ती पट्टी चढवून बघते, आवाज लहान मुलीसारखा होईल म्हणून. तो खेळण्यातल्या बाहुलीसारखा होतो. नुसती पट्टी चढवली की असंच होतं, कारण मुलाचा आवाज फक्त उंच नसतो. लहान मुलं श्वास कुठेही घेतात, शब्दाच्या मध्येसुद्धा. मोठी माणसं वाक्य संपवून घेतात. श्वासाची ही जागा कुठलंही बटण बदलून देत नाही.

आणि मग एकदा ती जिना चढून येते, धापा टाकत, आणि सुचलं म्हणून तशीच बटण दाबते. ‘बाबा— शा—ळा सुट—ली.’ ऐकते तर ते हुंदके वाटतात. बारा वर्षांची मुलगी शाळेतून घरापर्यंत पळत यायची आणि दारातच फोन उचलायची. वडिलांनी धाप ऐकली आणि ती त्यांना रडणं वाटली.

हा शोध तिला बसून लागू देऊ नका. पळूनच लागायला हवा. तीन खर्ड्यांत तुमची मुलगी लॅपटॉपसमोर बसून राहिली असेल, अशी माझी दाट शंका आहे.

आता शेवटाकडे. वडिलांनी आठ दिवस समुद्रावर काय धरून काढले असतील? मुलीची शाळा सुटली, ती रडत होती, आपण ‘आलो की बघू’ म्हणालो आणि रेंज गेली. ते आले त्या दिवशी काय केलं असेल? धक्क्यावरून घरी न जाता सरळ शाळेत गेले असतील, बोटीवरच्याच कपड्यांत, मुख्याध्यापकांना विचारायला की पोरीला परत घेता का. आणि तिथे पाहिलं तर पोरगी वर्गात बसलेली.

हा प्रसंग तुम्ही कथेच्या पहिल्या पानावर पेरा, पण सुटा. मुलीची एक बारीक लाजिरवाणी आठवण म्हणून : एकदा बाबा कारण नसताना शाळेच्या फाटकाशी येऊन उभे राहिले होते, अंगाला मासळीचा वास, वर्गातल्या मुलांनी नाकं दाबली, आणि तिने ओळख न दाखवता मान खाली घातली. बाबा थोडा वेळ बघत राहिले, हात हलवला आणि गेले. पहिल्या पानावर वाचकाला वाटेल की ही नुसती वर्ग आणि लाज यांची आठवण आहे. मेसेजशी तिचा संबंध लेखकाने सांगायचा नाही. धापेचा शोध लागला की वाचक स्वतःच मागे जाऊन फाटक उघडेल. तारीख मात्र जुळवा. 20 फेब्रुवारी 2019 ला बुधवार होता, शाळा असणार.

इथे तुमचा सगळ्यात तिरकस वाचक एक भोक काढेल, आणि बरोबर काढेल. बोट परत रेंजमध्ये आली की आठवड्याचे सगळे अडकलेले मेसेज वडिलांच्या फोनवर येऊन पडतील. त्यात ‘काय असू दे?’ असेल, शाळेतल्या गमती असतील. धक्का यायच्या आधीच त्यांचा गैरसमज दूर होईल. मग फाटकाशी कशाला जातील? मी स्वतः अशाच एका कथेत ही चूक छापून जाऊ दिली होती आणि नंतर पत्रं आली. उपाय साधा आहे : फोनची बॅटरी तिसऱ्या दिवशीच संपलेली होती आणि घरी येईपर्यंत फोन बंद होता. रात्री तो चार्जिंगला लावला तेव्हा सगळे मेसेज एकदम पोचले, पण तोवर मुलगी शेजारीच झोपलेली. घरात असलेल्या मुलीचे जुने मेसेज ऐकायला कोण बसतं? ते पोचले आणि न ऐकलेलेच राहिले. म्हणजे 5:48 चा तिचा प्रश्न वडिलांनी कधी ऐकलाच नाही, आणि तिने तो तोंडी पुन्हा विचारला नाही, कारण आठ दिवसांत ती विसरली होती. बॅटरी संपल्याचा उल्लेख फाटकाच्या आठवणीतच टाका, ‘खिशात मेलेला फोन’ असे तीन शब्द पुरतील.

वडील हयात असावेत की नाही, हे तुमच्यावर आहे. माझा कल हयात ठेवण्याकडे. वारलेल्या वडिलांसाठी मेसेज घडवले की प्रत्येक वाक्यावर आधीच शोक चढतो आणि वाक्याचं काम काय ते दिसेनासं होतं. तरीही तुम्हाला वडील समुद्रातून न परतलेले हवे असतील, तर एक गोष्ट लक्षात असू द्या. न पोचलेला मेसेज व्हॉट्सअ‍ॅपच्या सर्व्हरवर जास्तीत जास्त 30 दिवस राहतो, मग तो पुसला जातो. वर्षभराने दुसरी टिक उमटली, असा शेवट करू नका. त्या वाटेने जायचं तर एकतिसावा दिवस तुमचा खरा प्रसंग आहे, आणि ती वेगळी कथा आहे.

थोडं भाषेबद्दल. मुलीचे घडवलेले मेसेज लिहिताना समुद्र, लाटा, चांदणं यातलं काही त्यात घालू नका. समुद्रावरच्या माणसाला मुलगी समुद्र सांगत नाही, घर सांगते. पेन्सिल हरवली, दात हलतोय, आई रागावली. मेसेजचं पहिलं अक्षर कापा. मुलं बटण नीट दाबायच्या आधीच बोलायला लागतात, म्हणून ‘बाबा’चं ‘…बा’ होतं. आणि ‘तू’ की ‘तुम्ही’, हे ठरवा. तुमची मुलगी लहानपणी बाबांना ‘तू’ म्हणत असेल आणि आता ‘तुम्ही’ म्हणत असेल, तर पहिल्या काही रेकॉर्डिंगमध्ये तिच्या तोंडून ‘तुम्ही’ येऊ द्या आणि ती ते पुसून पुन्हा बोलू द्या. किती वर्षं गेली ते त्यातून कळतं.

या पद्धतीने एक तुकडा कसा दिसेल, ते नमुन्यादाखल लिहिते. तसाच उचलू नका, तुमचा सूर वेगळा असेल.

> जिन्यावरून वर येईपर्यंत तिला धाप लागली होती. फोन टेबलावर होता. थांबली तर हे जाईल, असं वाटून तिने तसंच बटण दाबलं. ‘…बा, शाळा सुटली, आता मी—’ पुढचं तिला बोलताच आलं नाही. तिने बोट उचललं आणि ऐकलं. पुन्हा ऐकलं. मग खिडकी उघडी टाकली, खाली एक टेम्पो इंजिन चालू ठेवून उभा होता. फोन खिडकीत धरून तिसऱ्यांदा ऐकलं. ‘शाळा सुटली’ एवढंच आलं, आणि त्याच्यामागे कुणीतरी रडत होतं.

या तुकड्यात वडील नाहीत, फाटक नाही, ‘तिला कळलं’ असं वाक्य नाही. टेम्पोचं इंजिन आहे, कारण वडिलांच्या जागी उभं राहून तिला ते ऐकायला हवं होतं. बोलणारीने ऐकणाऱ्याच्या जागी जावं लागतं, हे घडवण्याच्या कामातच येतं, वेगळं सांगावं लागत नाही.

शेवट कुठे? बहुतेक लेखक ती रेकॉर्डिंग घेऊन वडिलांकडे जाते, ते ऐकतात, डोळे भरतात, असा शेवट करतील. तो टाळा. वडिलांनी गैरसमज उलगडून सांगितला की सगळा धागा एका कबुलीत संपतो. मी दोनच गोष्टी ठेवीन. तिच्याकडे त्या जागेसाठी आता दोन रेकॉर्डिंग आहेत : ती जे बोलली ते पूर्ण वाक्य, आणि वडिलांनी जे ऐकलं ते अर्धं. 5:02 च्या जागेवर यातलं कोणतं ठेवायचं? माझ्या हिशेबाने ती अर्धं ठेवते. पूर्ण वाक्य खरं होतं, पण खालचं उत्तर त्याला आलेलं नाही.

मग दुसऱ्या दिवशी वडिलांशी फोनवर साधं काहीतरी बोलणं. ते आता बोटीवर जात नाहीत, जाळी दुरुस्त करतात. ती विचारते, ‘बाबा, तुम्ही एकदा माझ्या शाळेत आला होता, आठवतं?’ ते म्हणतात, ‘कधी?’ आणि मग लगेच, जरा जास्तच लगेच, ‘असंच आलो होतो. तू बसली होतीस वर्गात.’ एवढंच. ‘बसली होतीस वर्गात’ हे त्यांना इतक्या वर्षांनी आठवतंय, ते वाचकाने पकडलं तर पकडलं.

थोडक्यात क्रम असा धरा : फाटकाची लाज पहिल्या पानावर, मग फाइल आणि घरातला एकच फोन, मग दोन-तीन सहज बसणारे मेसेज, मग न बसणारं उत्तर, अंतराचं गणित चार ओळींत, बसून केलेलं फसलेलं रेकॉर्डिंग, जिना, टेम्पो, आणि तो फोन. अडीच हजार शब्दांत हे आरामात बसेल. गणित आणि जिना यांच्यामध्ये मात्र एक रात्र जाऊ द्या. त्याच संध्याकाळी दोन्ही झालं, तर मुलगी फार हुशार वाटते आणि जिना योगायोगाचा राहत नाही.